क्विंटलमागे शंभर रुपये

दिवाळीला आठवडा राहिला होता. लातूर भागातल्या एका गावात, ओसरीवर सोयाबीनची पोती रचून ठेवलेली होती. मळणी दोन दिवसांपूर्वीच झाली होती. चार एकरांत २५ क्विंटल माल झाला. मळणीयंत्राचं भाडं आणि काढणीची मजुरी देऊन झाली होती. आडतीवर भाव ४,२०० रुपये क्विंटल होता. घरधन्याच्या मनात होतं, माल आत्ता विकायचा नाही. संक्रांतीपर्यंत भाव ४,६०० वर जाईल असं तालुक्याच्या आडत्याने सांगितलं होतं. क्विंटलमागे ४०० म्हणजे २५ क्विंटलला १०,००० रुपये. तीन महिने पोत्यांना हात न लावता दहा हजार मिळत असतील तर घाई कशाला?

या शेतकऱ्याला आपण अंकुश म्हणू आणि त्याच्या बायकोला सुनीता. माणसं कल्पित आहेत, पण हिशेब मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या हजारो ओसऱ्यांवर दरवर्षी मांडावा लागतो तोच आहे. बऱ्याचदा तो मांडलाच जात नाही, आणि नुकसान तिथेच होतं.

सुनीता गावातल्या बचत गटाची वही लिहायची. गटाचं कर्ज शेकडा दोनने. दर महिन्याच्या बैठकीत कुणी किती मुद्दल फेडलं, किती राहिलं आणि राहिलेल्यावर या महिन्याचं व्याज किती, हे तिच्याच अक्षरात उतरायचं. त्या संध्याकाळी तिने गटाच्या वहीचं मागचं कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "अहो, विकायचं का ठेवायचं ते मग ठरवू. आधी आपल्याला कुणाकुणाचं किती द्यायचं ते सांगा. आणि पैसे कोणत्या तारखेला आणले तेही सांगा."

अंकुशला आकडे पाठ होते. तारखा मात्र आठवून सांगाव्या लागल्या.

पहिलं देणं गावच्या सोसायटीचं. १० जूनला पीक कर्ज मिळालं, ६०,००० रुपये, वर्षाला ६ टक्के दराने.

दुसरं कृषी सेवा केंद्राची उधारी. जूनच्या मध्यावर बियाणं, खत आणि पुढे फवारणीची औषधं उचलली. पावत्यांची बेरीज ३०,०००. दिवाळीपर्यंत दिले तर तेवढेच, पुढे गेले तर शेकडा दोन.

तिसरं हातउसनं. जूनच्या पेरणीनंतर पावसाने दोन आठवडे ओढ दिली, उगवण फसली आणि दुबार पेरणी आली. १ जुलैला गावातल्याच एका पैसेवाल्याकडून ४०,००० आणले, शेकडा चारने. दुबार पेरणीला बियाणं-खत आणि ट्रॅक्टरचं भाडं, मग तणनाशक आणि निंदणीच्या बाया, यात ते संपले.

शेकडा चार म्हणजे शंभराला महिन्याला चार रुपये, हे अंकुशला ठाऊक होतं. गावाकडे हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण सोसायटीचे ६ वर्षाचे आणि हे ४ महिन्याचे, हे दोन आकडे त्याने कधी एका मापात आणून शेजारी ठेवले नव्हते. सुनीताने ते ठेवले. महिन्याला ४, तर वर्षाला ४८. सोसायटीचे वर्षाला ६. म्हणजे तेवढ्याच रुपयांवर हे व्याज आठपट.

मग तिने दोन्हीचं रोजचं व्याज काढलं. सोसायटीच्या ६०,००० वर वर्षाला ३,६०० रुपये, म्हणजे दिवसाला १० रुपयांच्या आत. हातउसन्याच्या ४०,००० वर महिन्याला १,६००, म्हणजे दिवसाला ५३ रुपये. मुद्दल कमी असूनही व्याज पाचपटीहून जास्त.

"मोठं कर्ज सोसायटीचं म्हणून तुम्ही त्याचाच घोर लावून घेता," ती म्हणाली, "पण आपल्याला खातंय ते दुसरंच."

कर्जाचा विचार करताना आपलं लक्ष रकमेवर असतं. व्याज मात्र रक्कम, दर आणि दिवस या तिघांवर चालतं. सूत्र साधं आहे: मुद्दल गुणिले वार्षिक दर, भागिले १००, गुणिले दिवस, भागिले ३६५. पीक कर्जात हा दिवसांचा भाग फसवा असतो. पिकाला स्वतःचा वेळ लागतो, सोयाबीनला साधारण साडेतीन महिने. दुबार पेरणी झाली तर पीक पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतं, पण पहिल्या पेरणीसाठी काढलेल्या पैशाचे दिवस मागे येत नाहीत. व्याज पैसे उचलल्या दिवसापासून उगवायला लागतं, बी उगवो न उगवो.

कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर दिवाळीपर्यंत व्याज नाही, अशी अंकुशची समजूत होती. सुनीताने विचारलं, "हाच माल रोखीने घेतला असता तर केवढ्याला पडला असता?" अंकुशने शेजाऱ्याच्या पावत्या आठवल्या. रोखीत तोच माल २७,००० ला मिळाला असता. म्हणजे ३,००० रुपये व्याज आधीच किमतीत घातलेलं होतं. २७,००० वर चार महिन्यांचे ३,००० म्हणजे शेकडा पावणेतीनच्या आसपास, वर्षाला ३३ टक्के. पावतीवर व्याजाचा रकाना नसला म्हणून व्याज नव्हतं असं होत नाही. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव शेजारी मांडले की ते दिसतं.

आता सुनीता मूळ प्रश्नाकडे आली: माल ठेवायचा तर महिन्याला काय पडतं? हातउसन्याचे १,६००. दिवाळीनंतर केंद्राचे ३०,००० वर शेकडा दोनने ६००. सोसायटीचे ३००. बेरीज २,५०० रुपये महिना. पोत्यांत माल २५ क्विंटल. तिने भागाकार केला आणि आकड्याभोवती गोल काढला: क्विंटलमागे महिन्याला १०० रुपये.

माल घरात ठेवला तर भाव दर महिन्याला १०० रुपयांनी चढला पाहिजे, तेव्हा कुठे अंकुश जिथल्या तिथे राहतो. तीन महिन्यांत ४०० रुपये भाव वाढला, तर १०,००० मधून ७,५०० व्याजात जातात. उरतात २,५००. त्यात ओसरीवरचं सोयाबीन अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. वाळताना अर्धा क्विंटल जरी घटला, तरी ४,६०० च्या भावाने २,३०० गेले. म्हणजे तीन महिने उंदीर-घुशींपासून पोती राखायची आणि हाती २०० रुपये यायचे. तेही आडत्याचा अंदाज खरा ठरला तर. भाव ४,४०० वरच थांबला तर पदरचे पैसे जायचे.

अंकुश बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिला. भाव वाढेल का, हा प्रश्न त्याला रोज पडायचा. किती वाढला म्हणजे पुरेल, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

व्याज साचण्याची आणखी एक रीत आहे. हातउसनं देणारा दिवाळीत हिशेब करतो. साडेतीन महिन्यांचं व्याज ५,६००. ते रोख दिलं नाही तर जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहिली जाते, ४५,६०० ची. आता ही सगळी रक्कम मुद्दल झाली. पुढच्या महिन्यापासून शेकडा चार त्यावर, म्हणजे १,६०० ऐवजी १,८२४. दोनशे चोवीस रुपये छोटे वाटतात, म्हणून त्यावर कुणी भांडत नाही. पण नव्या चिठ्ठीवर मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळं लिहिलेलं नसतं. दोन-तीन वेळा चिठ्ठी बदलली की मूळ किती उचललं होतं हे सांगायला कागद उरत नाही. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १८७५ च्या मे महिन्यात शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या, त्यामागे हाच राग होता. त्या उठावानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

सोसायटीच्या किंवा बँकेच्या पीक कर्जाची चाल वेगळी असते. मुदत संपेपर्यंत पीक कर्जाचं व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अल्प आणि अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदतीच्या कर्जावर तर एकूण आकारलेलं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. आपल्याकडे जुन्या काळापासून 'दामदुपट' म्हणतात तेच हे तत्त्व. त्यामुळे सोसायटीचं व्याज मुदतीपर्यंत सरळ रेषेत वाढतं. हातउसन्याचं व्याज पायऱ्या चढतं, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून उंच असते.

पण सोसायटीच्या सरळ रेषेलाही एक कडा आहे. खरीप पीक कर्जाची परतफेडीची तारीख ३१ मार्च. अंकुशच्या कर्जावर १० जूनपासून ३१ मार्चपर्यंत २९४ दिवसांचं व्याज २,९०० रुपये होतं. या तारखेच्या आत पूर्ण फेड केली तर केंद्र सरकारची ३ टक्के सवलत मिळते. त्यावर महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्याची सवलत मिळते. २०२१ पासून ही सवलत तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला अशी लागू केली, की वेळेवर फेडणाऱ्याला व्याज शून्य पडावं. काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतात आणि सवलतीचे पैसे नंतर खात्यावर जमा होतात, म्हणून भरल्याची पावती जपून ठेवावी लागते.

१ एप्रिल उजाडला की हे सगळं हातचं जातं. पूर्ण २,९०० द्यावे लागतात, पुढच्या दिवसांना सवलतीचा दर राहत नाही, थकलेलं व्याज मुद्दलात मिसळू शकतं आणि नव्या हंगामाचं कर्ज अडतं. म्हणूनच मार्चअखेर गावोगाव 'नवं-जुनं' चालतं. कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की उसने परत करायचे. शेकडा चारने ६०,००० आणले तर दिवसाला ८० रुपये पडतात. नवं कर्ज पंधरा दिवसांत आलं तर १,२०० गेले, २,९०० वाचले. पण मंजुरी लांबली तर छत्तिसाव्या दिवसापर्यंत वाचलेलं सगळं व्याज संपतं. त्यानंतर रोज ८० रुपये पदरचे जातात. नवं-जुनं करण्याआधी गटसचिवाला किंवा बँकेत विचारायचं ते एवढंच: नवी मंजुरी नक्की कधी?

सुनीताने वहीचं पान उलटलं आणि जूनमध्ये गेली. "सोसायटीचे ६०,००० एकदम का उचलले?" अंकुशकडे उत्तर होतं. पैसे मंजूर झाले म्हणून उचलले. पेरणीला लागले ४०,०००. उरलेले २०,००० घरात होते, आणि मोटारीच्या दुरुस्तीत, दवाखान्यात आणि दोन लग्नांच्या आहेरात महिन्याभरात सरले. १ जुलैला दुबार पेरणी आली तेव्हा डबा रिकामा होता.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ मध्ये सुरू झालं ते याच अडचणीसाठी. त्यात एक मर्यादा ठरलेली असते. लागेल तेव्हा लागेल तेवढं काढायचं, हाती आले की भरायचे, पुन्हा काढायचे. व्याज लागतं ते काढलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं. सहा टक्के दराला उशिरा काढल्याने वाचणारं व्याज किरकोळ असतं. २०,००० वर महिन्याला शंभरच रुपये. खरा फायदा वेगळा आहे. ते २०,००० खात्यात शिल्लक राहिले असते, तर जुलैत ४०,००० ऐवजी २०,००० च हातउसने आणावे लागले असते. साडेतीन महिन्यांत शेकडा चारने २०,००० वर २,८०० होतात, सोसायटीच्या दराने ३५०. पावसाने ओढ दिली तर हात कुठे घालायचा याची सोय म्हणून मर्यादेतले थोडे पैसे न उचलता ठेवणं, हे पीक कर्ज वापरण्यातलं मोठं शहाणपण आहे. सोसायटी सगळी रक्कम एकदम हाती देत असेल, तर तिचा एक भाग बचत खात्यात ठेवूनही हेच साधतं.

शेवटी प्रश्न उरला पोत्यांचा. सगळं विकून टाकावं, असं आता अंकुशला वाटायला लागलं. सुनीताने त्यालाही थांबवलं. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये आहे. आडतीपेक्षा क्विंटलला १,१२८ जास्त. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी केली, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणला आणि नंबर दोन महिन्यांनी लागला, तरी महिन्याला शंभर सोसून हा भाव परवडतो. म्हणजे थांबणं नेहमीच तोट्याचं नसतं. कशासाठी थांबतोय आणि थांबण्याला रोज काय पडतंय, हे दोन आकडे समोर हवेत. पण केंद्रावर मालाची प्रत तपासतात, बारदाना संपतो, पैसे खात्यावर यायला वेळ लागतो. सगळा माल त्या भरवशावर ठेवून शेकडा चारचं व्याज चालू ठेवणं धोक्याचं होतं.

म्हणून दोघांनी माल वाटून घेतला. ११ क्विंटल आडतीवर ४,२०० ने विकायचा. त्याचे ४६,२०० येतील. हातउसन्याचं मुद्दल आणि व्याज मिळून ४५,६०० फिटतील, उरलेल्या ६०० मधून हमाली-वाराई भागवायची. मागे राहिला १४ क्विंटल. त्याच्यावर आता महिन्याला बोजा केंद्राचे ६०० आणि सोसायटीचे ३००, म्हणजे क्विंटलमागे ६४ रुपये. तो वाळवून हमीभावाला नोंदवायचा. सगळा ५,३२८ ने गेला तर ७४,५९२ येतील. त्यातून आधी केंद्र, मग सोसायटी. कमी पडलं तर जानेवारीत निघणारी आंतरपिकाची तूर आहे, ती ३१ मार्चच्या आधी हाती येते. महाग देणं आधी आणि सवलतीचं देणं तारखेच्या आत, असा क्रम लागला.

आणखी एक वाट होती. ती अंकुशला बाजार समितीत माल घालायला गेल्यावर समजली. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. शेतकऱ्याने स्वतःचा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि चालू किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं. सोयाबीन-तुरीसारख्या मालाला दर वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. अंकुशच्या २५ क्विंटलची किंमत १,०५,०००, त्याचे ७५ टक्के ७८,७५०. हातउसने आणि केंद्र मिळून देणं होतं ७५,६००. दोन्ही महाग देणी एका फटक्यात फिटली असती. या नव्या कर्जाचं आणि सोसायटीचं मिळून व्याज महिन्याला ६७८ रुपये, म्हणजे क्विंटलमागे १०० ऐवजी २७. मग भावाची वाट बघायला खरंच अर्थ होता. अट एवढीच की आपल्या बाजार समितीने योजना चालू ठेवलेली हवी, गोदामात जागा हवी आणि माल वाळलेला हवा. म्हणून हे मळणीनंतर नव्हे, मळणीआधीच चौकशी करून ठेवायचं काम आहे.

आणि त्या शेकडा चारचं काय? महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि तारण नसेल तर १२ टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. वर्षाला १२ म्हणजे शेकडा एक. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं हाच गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. व्याजात जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याची तरतूदही या कायद्यात आहे. अंकुशने तक्रार केली नाही. जुलैत पेरणी फसली तेव्हा त्याच माणसाने एका दिवसात पैसे दिले होते, आणि पुढच्या जुलैत पुन्हा दार वाजवावं लागणार नाही याची त्याला खात्री नव्हती. कायदा असूनही शेकडा चार का टिकतो, त्याचं उत्तर या भीतीत आहे. जुलैत हाती येईल असा स्वस्त पैसा जेव्हा त्याला मिळेल, तेव्हाच त्याची भीती जाईल.

११ क्विंटलची पट्टी झाली त्याच दिवशी अंकुशने हातउसनं फेडलं. पैसे मोजून दिल्यावर तो हलला नाही. जुनी चिठ्ठी मागून घेतली, समोरच फाडली आणि तुकडे खिशात घालून घरी आणले. सुनीताने वहीत त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. खाली कृषी सेवा केंद्राची ओळ होती. तिच्या पुढे तिने रोजचं व्याज लिहून ठेवलं: २० रुपये.